कोकम, चिंच आणि कढीपत्ता: घरच्या कॉकटेलमध्ये कोणाचे कोणाशी जमते

कोकम, चिंच आणि कढीपत्ता हे तिन्ही जिन्नस आपल्या स्वयंपाकघरात एकाच फळीवर नांदत असले, तरी पेल्यात त्यांचे काम वेगवेगळे असते. कोकम आंबटपणा आणि रंग देते. चिंच आंबटपणाबरोबर दाटपणाही देते. कढीपत्ता आंबट मुळीच नसतो, तो केवळ सुवास देतो. कोकम आणि चिंच यांतील आम्ले पाण्यात सहज उतरतात, म्हणून त्यांचा कोळ पाण्यातच काढावा. कढीपत्त्याचा सुवास मात्र त्याच्या पानांतील तेलात असतो आणि ते तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यात विरघळते. म्हणून तो थेट जिनमध्ये किंवा व्होडकात भिजवावा. कढीपत्ता साखरेच्या पाकात उकळला की पाकाला पालेभाजीच्या पाण्याची चव येते आणि हवा असलेला वास वाफेबरोबर निघून जातो. चिंच रमच्या बाटलीत टाकून ठेवली, तर रम गढूळ होते आणि आंबटपणा किती उतरला याचा अंदाज राहत नाही.

साधने फारशी लागत नाहीत. ३० आणि ६० मिलीचे पेग माप, घट्ट झाकणाची काचेची बरणी, चहाची गाळणी, मलमलचे स्वच्छ फडके आणि भरपूर बर्फ एवढे पुरे होते. शेकर नसेल, तर फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली चालते. साखरेचा पाक आधी करून ठेवावा: समान वजनाची साखर आणि पाणी साखर विरघळेपर्यंत गरम करून गार करावे. आंबट आणि गोड या दोन गोष्टी वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवल्या, तर पेला हातात असताना चव दुरुस्त करता येते. कोकमाचा कोळ आधीच गोड करून ठेवला, तर ती सोय राहत नाही. बाजारातील अमृत कोकमाची अडचण नेमकी हीच आहे. त्यात साखर असतेच आणि अनेकदा जिरे व मीठही असते, त्यामुळे आंबटपणा वाढवायला गेले की गोडीही वाढते.

कोकम

आमसूल निवडताना पहिला प्रश्न मिठाचा असतो. कोकणात रातांब्याच्या साली फळाच्याच रसात मीठ घालून पुन्हा पुन्हा बुडवतात आणि उन्हात वाळवतात. ते मीठ सालीला चिकटून राहते. कोळ करण्यापूर्वी सालीचा एक तुकडा चघळून पाहावा. आधी खारट आणि मग आंबट लागला, तर साली गार पाण्यात पटकन विसळून ते पाणी टाकून द्यावे आणि पुढे पेल्यात वेगळे मीठ घालू नये. आगळ वापरायचे असेल, तर हा नियम आणखी कडक पाळावा लागतो. आगळ मिठातच टिकवलेले असते, त्यामुळे एका पेल्याला ५ ते १० मिलीच्या पुढे गेले की पेय सोलकढीपेक्षाही खारट होते.

कोळासाठी ५० ग्रॅम आमसुले १५० मिली कोमट पाण्यात तीन ते चार तास भिजवावीत, हाताने चांगली कुस्करावीत आणि आधी गाळणीतून, मग फडक्यातून गाळावीत. शंभर मिलीच्या आसपास दाट लाल कोळ मिळतो. घाई म्हणून आमसुले उकळू नयेत. उष्णतेने लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि सालीतला तुरटपणा अधिक उतरतो. त्याच साली दुसऱ्यांदा भिजवून निघणारे पाणी सारासाठी वापरावे, कॉकटेलसाठी ते पुरेसे दाट नसते. फ्रिजमध्ये हा कोळ चार-पाच दिवस चांगला राहतो. जास्त दिवस ठेवायचा असेल, तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा.

कोकमाचा रंग आम्लावर अवलंबून असतो. आंबट द्रवात तो लालबुंद दिसतो आणि आम्ल कमी झाले की जांभळट, मळकट होतो. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात कोळ काढला आणि रंग उदास दिसला, तर आमसूल खराब आहे असे लगेच ठरवू नये. लिंबाचे चार थेंब पिळून पाहावेत. रंग पुन्हा उजळला, तर दोष पाण्याचा होता.

चवीच्या बाबतीत कोकमाचा आंबटपणा लिंबापेक्षा मवाळ असतो आणि मागे थोडा तुरटपणा ठेवून जातो. या तुरटपणावरूनच त्याची जोडी ठरवावी. लाकडी पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत किंवा ब्रँडीत लाकडाचा स्वतःचा तुरटपणा असतो, त्यात कोकमाचा मिळाला की जीभ कोरडी पडते आणि लाल रंगही तपकिरी मद्यात हरवतो. म्हणून कोकम रंगहीन मद्याबरोबर वापरावे. जिन, व्होडका, पांढरी रम आणि गोव्याची फेणी यांच्याशी त्याचे चांगले जमते. टकिलाही चालते, मात्र ती ओक पिंपात न मुरलेली, पांढरी असावी.

यांत माझा कल काजूच्या फेणीकडे आहे. फेणीचा वास उग्र असतो आणि संत्र्यासारखे सुगंधी रस त्या वासाशी भांडत बसतात. कोकमाला स्वतःचा वास फारसा नसल्यामुळे ते भांडण होत नाही; कोकम खालून आंबट आधार देते आणि बोंडूचा वास वर मोकळा राहतो. उंच पेल्यात बर्फ भरून ४५ मिली फेणी, ३० मिली कोकमाचा कोळ, २० मिली साखरेचा पाक घालावा, ढवळावे आणि वर १०० मिली थंड सोडा हळूच ओतावा. हिरवी मिरची उभी चिरून आत सोडली, तर गोव्यात हुर्राक पिण्याच्या प्रचलित पद्धतीशी नाते जुळते. हुर्राक हे काजूच्या रसाचे पहिल्या वाफेचे, फेणीपेक्षा बरेच सौम्य मद्य आहे. ते साधारण मार्च ते मे एवढ्याच काळात मिळते. हुर्राक वापरताना ९० मिलीपर्यंत घ्यावे आणि सोडा निम्मा करावा, नाहीतर पेय पाणचट लागते.

परदेशातील दुकानात कोकम घेताना एक सावधगिरी बाळगावी. केरळी पद्धतीची काळी, धुरावर वाळवलेली कुडंपुळी कधीकधी कोकमाच्या नावाने पुढे येते. ती कोकमाच्याच कुळातील असली, तरी तिला धुराचा वास असतो आणि ती लाल रंग देत नाही. पाकीट फोडताच धुराचा वास आला, तर ते मासळीच्या कालवणासाठी ठेवावे.

चिंच

चिंचेतील मुख्य आम्ल टार्टरिक आम्ल असते. द्राक्षांतही तेच असल्यामुळे चिंचेचे द्राक्षांपासून केलेल्या ब्रँडीशी पटते, यात आश्चर्य नाही. परंतु चिंचेची खरी जोडी कोणती, हे चिंच-गुळाच्या आमटीत आपल्याला आधीच कळलेले आहे. चिंचेच्या खजूर-मनुकांसारख्या चवीला गूळ जितका साजतो, तितकी पांढरी साखर साजत नाही. आणि गडद रम उसाच्या मळीपासूनच बनत असल्यामुळे गुळाची ती बाजू रम उचलून धरते.

पेयासाठी त्या वर्षाची नवी, तांबूस चिंच घ्यावी. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती बाजारात येते आणि तिच्यात फळाचा ताजेपणा असतो. जुनी, काळी पडलेली चिंच अधिक खोल चवीची असते. ती फक्त गडद रमबरोबर खपून जाते, जिनमध्ये टाकली तर पेय चटणीकडे झुकते. बाजारातील काळी चिंचेची पेस्ट टाळावी. ती आटवलेली आणि बहुधा खारवलेली असते, त्यामुळे फळाची चव तिच्यात उरलेली नसते.

१०० ग्रॅम चिंचोके काढलेली चिंच २०० मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवावी. हाताने कोळून शिरा आणि साल वेगळी करावी आणि गर चहाच्या गाळणीतून चमच्याने दाबून काढावा. नंतर तोच गर फडक्यातून पिळून घ्यावा. दुसऱ्यांदा गाळणे कंटाळवाणे असते, पण टाळल्यास पेल्याच्या तळाशी रेतीसारखा गाळ बसतो आणि शेवटचे दोन घोट टाकून द्यावे लागतात. तयार कोळ चमच्यावरून संथ धारेत पडेल इतका दाट असावा. गोळ्याने पडत असेल, तर थोडे पाणी मिसळावे. नीट गाळलेला कोळ मद्यात मिसळून बरेच दिवस थंड ठेवल्यावर तळाशी बारीक खडे दिसले, तर तो टार्टारचा क्षार असतो. मद्यात आणि थंडीत तो कमी विरघळतो म्हणून खाली बसतो. तो अपायकारक नाही, वरचे पेय ओतून घ्यावे.

आता एक पेला पूर्ण मांडून पाहू. गुळाच्या पाकासाठी १०० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात मंद आंचेवर विरघळवून फडक्यातून गाळून गार करावा. गुळात बारीक कचरा हमखास असतो. बाटलीत ६० मिली गडद रम, २० मिली चिंचेचा कोळ, २० मिली गुळाचा पाक आणि १० मिली लिंबाचा रस घालून, मिठाचे चार-पाच कण टाकून, बाटली दोन-तृतीयांश बर्फाने भरावी आणि बारा ते पंधरा सेकंद जोराने हलवावी. या हलवण्यात साधारण २५ मिली पाणी बर्फातून पेयात उतरते आणि ते उतरलेच पाहिजे. त्याशिवाय चिंच आणि गूळ मिळून पेय काकवीसारखे जड राहते. घरच्या फ्रिजमधले छोटे खडे लवकर वितळतात, म्हणून ते वापरताना दहा सेकंदच हलवावे. चिंचेतील पेक्टिनमुळे वर तपकिरी फेसाचा पातळ थर येतो. तो आला, म्हणजे हलवणे पुरेसे झाले. ताज्या बर्फावर गाळून घ्यावे.

आता चव घ्यावी. आंबटपणा कमी वाटला की हात आपोआप चिंचेकडे जातो, पण इथे चिंच वाढवू नये. जास्तीची चिंच आंबटपणाबरोबर दाटपणाही वाढवते आणि पेय अधिकच सुस्त होते. अशा वेळी लिंबाचे पाच मिली घालावे. लिंबू चटकन लागते आणि लगेच विरते, तर चिंच उशिरा लागते आणि रेंगाळते. दोन्ही थोडे थोडे असले की घोटाला आरंभ आणि शेवट दोन्ही मिळतात. पेय आंबट-गोड बरोबर आहे, तरीही सपाट लागते असे वाटले, तर कमी पडते ते मीठ. मात्र चिंच गोळा करून खारवलेली असेल, तर पेल्यात मीठ घालण्याआधी नुसता कोळ चाखून पाहावा.

याच मापात रमऐवजी व्हिस्की किंवा ब्रँडी चालते, लिंबू तेवढे १५ मिलीपर्यंत न्यावे. आपल्याकडच्या अनेक स्वस्त मिश्र व्हिस्कींत मळीपासून काढलेले मद्य असते आणि त्यांना हा चिंच-गूळ चांगला मानवतो. महागडी सिंगल मॉल्ट यात ओतणे मला पटत नाही, तिचे बारकावे चिंचेखाली दबून जातात. टकिला आणि चिंच यांची जोडी मेक्सिकोत रुजलेली आहे. तिथे चिंचेच्या मार्गारीटाला पेल्याच्या कडेला तिखट-मीठ लावतात. घरी लाल तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर बशीत मिसळून, ओल्या कडेचा पेला त्यात फिरवला की काम होते. जिन मात्र चिंचेला सहन होत नाही. जिनला वास देणाऱ्या जुनिपर फळांचा राळेसारखा गंध आणि चिंचेचा जडपणा एकमेकांपासून फटकून राहतात.

कढीपत्ता

कढीपत्त्यासाठी जिन पहिली निवड आहे, आणि त्यामागे कारण आहे. जुनिपरच्या फळांत पाइन झाडासारखा वास देणारे पायनिन असते आणि कढीपत्त्याच्या तेलातही ते आढळते, त्यामुळे दोन्ही वास एकमेकांत सहज मिसळतात. व्होडकात कढीपत्ता एकटा उघडा पडतो. तो नीट भिजला असेल तर छान लागतो, पण अर्धा तास जास्त झाला तर कच्चेपणा लपवायला काही नसते. गडद रम आणि व्हिस्कीत तो हरवतो, तिथे वापरू नये.

कृती अशी. २०० मिली जिनसाठी वीस ते पंचवीस ताजी, गडद हिरवी पाने घ्यावीत. धुतल्यावर ती फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. पाने चिरू नयेत, वाटूही नयेत. चिरल्याने पानातील हिरवा कडवटपणा भराभर उतरतो. तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा चापट मारली की तेलाच्या पेशी फुटायला तेवढे पुरते. पाने जिनमध्ये बुडवून बरणी बंद करावी आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. एका तासाने झाकण उघडून आधी वास घ्यावा आणि मग चमचाभर जिनमध्ये तितकेच पाणी घालून चाखावे. पाणी न घातलेल्या मद्याने जीभ बधिर होते आणि कडवटपणा कळत नाही, म्हणून हे पाणी घालणे आवश्यक आहे. त्यानंतर दर अर्ध्या तासाने असेच चाखावे. बहुतेक वेळा दोन ते तीन तासांत काम होते. जिन फिकट पोपटी असावी आणि वास ताज्या फोडणीआधीच्या पानासारखा यावा. रंग शेवाळी झाला आणि चवीत गवत जाणवू लागले, म्हणजे वेळ टळली. रात्रभर ठेवण्याचा सल्ला कोथिंबिरीला जितका लागू नाही, तितकाच कढीपत्त्यालाही नाही. जास्त भिजलेली जिन फेकण्याचे कारण नाही. तिच्यात दुप्पट साधी जिन मिसळली की बहुधा वापरण्याजोगी होते.

गाळलेली जिन फ्रिजमध्ये ठेवावी. चार-सहा दिवसांत हिरवा रंग ओसरून पिवळट-तपकिरी होतो, कारण हरितद्रव्य टिकत नाही. वास त्यानंतरही काही दिवस राहतो. वाळलेला कढीपत्ता या कामी निरुपयोगी आहे. परदेशात ताजा मिळत नसेल, तर गोठवलेला घ्यावा. तो मऊ पडलेला दिसतो, पण त्याचा वास वाळलेल्यापेक्षा पुष्कळ शाबूत असतो.

फोडणीतल्या कढीपत्त्याचा भाजका वास हवा असेल, तर रीत वेगळी आहे. दोन मोठे चमचे खाण्याचे खोबरेल मंद गरम करून त्यात बारा ते पंधरा अगदी कोरडी पाने टाकावीत, ती तडतडली की आंच बंद करावी आणि तपकिरी होण्याआधी भांडे उतरवावे. तेल बोटाला कोमट लागेपर्यंत थांबावे. गरम तेलात मद्य ओतणे धोक्याचे आहे. मद्याची वाफ पेट घेते, म्हणून गॅस बंद आहे याची खात्री करूनच पुढे जावे. कोमट तेल पानांसह २०० मिली पांढऱ्या रममध्ये घालून बरणी हलवावी, तीन तास बाहेर ठेवावी आणि मग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. खोबरेल गोठून वर पांढरी वडी होते आणि रम पातळच राहते. वडीला भोक पाडून रम फडक्यातून गाळावी. पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसले, तर पुन्हा थंड करून कॉफीच्या कागदी गाळणीतून काढावी. ही रम, लिंबू आणि साखरेचा पाक अनुक्रमे ६०, २५ आणि २० मिली घेऊन बर्फात हलवली, तर खोबऱ्याचा स्निग्धपणा आणि कढीपत्ता दोन्ही घोटाच्या शेवटी येतात.

एकत्र वापरताना

कोकम आणि कढीपत्ता एकत्र चांगले वागतात, कारण एकाकडे वास नाही आणि दुसऱ्याकडे आंबटपणा नाही. ६० मिली कढीपत्त्याची जिन, २५ मिली कोकमाचा कोळ, २० मिली साखरेचा पाक आणि १० मिली लिंबू बर्फात हलवून बर्फावर गाळावे आणि वर ६० मिली सोडा घालावा. सोड्याऐवजी टॉनिक वापरायचे असेल, तर पाक निम्मा करावा, कारण टॉनिक गोड असते. शिवाय त्याचा कडूपणा आणि कोकमाचा तुरटपणा यांची बेरीज काहींना जड वाटते. वर ठेवायचे पान ओतण्याच्या क्षणीच चापट मारून ठेवावे.

चिंच आणि कढीपत्ता यांबाबत मी सावध राहतो. गोड कॉकटेलमध्ये ही जोडी आली की जीभ साराची अपेक्षा करते आणि पेय चुकीच्या पंगतीत बसल्यासारखे वाटते. टोमॅटोच्या रसात मात्र तीच अपेक्षा उपयोगी पडते. ब्लडी मेरीत घालतात त्या वूस्टरशायर सॉसमध्ये मुळातच चिंच असते. त्याच्या पारंपरिक पाकृतीत अँचोव्ही मासेही असतात, म्हणून शाकाहारी मंडळी तो टाळतात. त्यांनी सॉस वगळून ६० मिली कढीपत्त्याची व्होडका, १२० मिली टोमॅटोचा रस, १० मिली चिंचेचा कोळ, १० मिली लिंबू, मीठ, मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूटभर पूड एकत्र करावी. हे पेय हलवू नये. हलवल्यास टोमॅटोचा रस फेसाळतो आणि पातळ होतो. दोन पेल्यांत बर्फासह चार-पाच वेळा ओतून घेतले की पुरते. हिंगाचा मोह मात्र आवरावा. तो मद्यात कमालीचा फुलतो आणि एका कणानेही पेल्यात बाकी कशाचा वास उरत नाही.